रोजचा दीड जीबी कुठे जातो? डेटा मोजणाऱ्या ॲपसोबतच्या प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२५: मांडणी

काम असं: अँड्रॉइड फोन, रोज दीड जीबीचा पॅक, आणि तो दुपारीच संपतो. कोणतं ॲप किती खातं हे शोधायचं आणि फोनचा नेहमीचा वापर न बदलता गळती थांबवायची.

फोनच्या सेटिंगमध्ये ॲपनिहाय डेटा वापराचा पडदा असतोच, पण तो महिन्याच्या हिशोबावर चालतो. बहुतेक फोनमध्ये चक्र कोणत्या तारखेला सुरू व्हावं एवढंच ठरवता येतं. काही कंपन्यांनी स्वतःच्या सेटिंगमध्ये रोजची मर्यादा दिलेली असते, तेव्हा आधी तिथे बघून घ्यावं. ती नसेल तर 'आज' म्हणजे किती, हे सांगणारं वेगळं ॲप लागतं.

अशी ॲप तीन पद्धतींनी मोजतात आणि निवड त्यावरूनच करावी. पहिली पद्धत स्टेटस बारमध्ये वेग दाखवणाऱ्या ॲपची. ती फोन सुरू झाल्यापासूनचा एकूण आकडा वाचतात. अँड्रॉइड ७ पासून दुसऱ्या ॲपचा आकडा त्या मार्गाने मिळत नाही, म्हणून गळती शोधायला त्यांचा उपयोग नाही. दुसरी पद्धत व्हीपीएनची: फोनमध्येच खोटा व्हीपीएन उभा करून सगळी वाहतूक त्यातून नेतात. तिसरी पद्धत म्हणजे अँड्रॉइड स्वतः जी खतावणी ठेवतं ती वाचून दाखवणं. अँड्रॉइड ६ पासून ही सोय आहे. अशा ॲपला `Usage access` ही एकच खास परवानगी द्यावी लागते आणि ती नेहमीच्या परवान्यांच्या यादीत नसून सेटिंगमधल्या खास परवानग्यांच्या भागात असते. ती न दिल्यास ॲप उघडतं, पण यादी रिकामी राहते.

खतावणी वाचणारं ॲप बसवलं. त्यात वायफाय वगळून फक्त मोबाइल डेटा निवडला. हे राहून गेलं तर घरच्या वायफायवर बघितलेले व्हिडिओही यादीत मिसळतात आणि सगळे निष्कर्ष चुकतात.

दोन सिम असतील तर आणखी एक अडचण. अँड्रॉइड १० पासून सिमची ओळख बाहेरच्या ॲपला मिळत नाही, त्यामुळे दोन्ही सिमचा मोबाइल डेटा एकत्रच दिसतो. मोजणीच्या काळात दुसऱ्या सिमवर डेटा जाऊ देऊ नये. सिमनिहाय आकडा हवा असेल तर तो फोनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये मिळतो.

३ मार्च, रात्री: व्हीपीएनची पद्धत बाद

तुलनेसाठी व्हीपीएन पद्धतीचंही एक ॲप चालवून पाहिलं. मोजणीसाठी ते टिकलं नाही, आणि त्याची कारणं त्या एका ॲपपुरती नाहीत.

फोनमध्ये एका वेळी एकच व्हीपीएन चालतो. ऑफिसचा व्हीपीएन जोडला की मोजणी बंद. बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगने ॲप मारलं की तेवढ्या वेळाची नोंदच होत नाही, आणि ती नंतर भरून काढता येत नाही. हॉटस्पॉटवरून गेलेला डेटा या व्हीपीएनमधून जातच नाही, त्यामुळे लॅपटॉपने ओढलेला डेटा मोजणीत शून्य दिसतो. खतावणी वाचणाऱ्या ॲपचं असं नसतं. ते मेलं तरी मोजणारं अँड्रॉइड जागं असतं. ॲप पुन्हा उघडलं की मधल्या वेळाचे आकडे मिळतात, फक्त इशारा वेळेवर येत नाही.

शिवाय विश्वासाचा प्रश्न आहे. व्हीपीएन पद्धतीचं ॲप तुमची सगळी वाहतूक बघू शकतं. फेसबुकने २०१३ मध्ये घेतलेल्या ओनाव्होचं ॲप लोक डेटा वाचवायला आणि सुरक्षेसाठी वापरत होते, आणि त्यातून कोण कोणती ॲप वापरतं ही माहिती फेसबुककडे जात होती. २०१८ मध्ये ते ॲपलच्या स्टोअरमधून गेलं आणि २०१९ मध्ये गूगल प्लेवरून. मोजण्यासाठी एवढी किंमत मोजू नये. एखाद्या ॲपचा डेटा तोडायचा असेल तर नेटगार्डसारखं खुल्या सोर्सचं ॲप या पद्धतीने उत्तम काम करतं, पण ते काम वेगळं.

४ मार्च: पहिला पूर्ण दिवस

वापर नेहमीसारखा ठेवला. पॅक साडेचारला संपला. ॲपमधले आकडे एमबीत:

व्हिडिओ ॲप ४९८, रीलचं ॲप ३८६, ॲप स्टोअर २१४, मेसेजिंग १७१, फोटो बॅकअप १२८, ब्राउझर ५२, प्ले सर्व्हिसेस २७, किरकोळ १३. बेरीज १४८९.

यादी वरून खाली वाचली तर व्हिडिओ ॲप दोषी वाटतं. पण व्हिडिओ बघितला होता, डेटा जाणारच होता. गळती म्हणजे न मागता गेलेला डेटा, आणि तो शोधायला एकूण आकडा उपयोगाचा नाही. प्रत्येक ॲपवर टिचकी मारून फोरग्राउंड आणि बॅकग्राउंड असे दोन आकडे वेगळे लिहून काढले. फोरग्राउंड म्हणजे ॲप समोर उघडं असताना गेलेला डेटा, बॅकग्राउंड म्हणजे ते पडद्यावर नसताना गेलेला.

बॅकग्राउंडचे आकडे असे निघाले: ॲप स्टोअर २१४, फोटो बॅकअप १२६, मेसेजिंग ११८, रील ६१, प्ले सर्व्हिसेस २७, व्हिडिओ फक्त ३. म्हणजे ५४९ एमबी, पॅकच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, कोणी काही न उघडता गेले. पहिल्या यादीत पहिलं असलेलं ॲप दुसऱ्या यादीत शेवटचं आहे.

फोरग्राउंडलाही सरसकट निर्दोष धरू नये. फीडमध्ये आपोआप चालू होणारे व्हिडिओ, पुढची रील आधीच उतरवून ठेवणं, गेममधल्या व्हिडिओ जाहिराती, हे सगळं फोरग्राउंडमध्येच जमा होतं. जाहिरात दुसऱ्याच कंपनीची असली तरी तिचा डेटा ती दाखवणाऱ्या ॲपच्या नावावर पडतो.

५ मार्च: पडून राहिलेल्या फोनची चाचणी

बॅकग्राउंडचा आकडा कोणत्या वेळी वाढतो हे बघायचं होतं. रीत सोपी आहे: वायफाय बंद, मोबाइल डेटा चालू, पडदा बंद, फोन बाजूला. ठरलेल्या वेळाने ॲप उघडून आधीचा आणि नंतरचा आकडा वजा करायचा.

पहिल्यांदा चाचणी सकाळी १० ते ११ या वेळात केली आणि आकड्यांचा मेळ बसला नाही. चाचणीआधी, पावणेदहाला, ब्राउझरमध्ये उतरवलेली एक फाइल त्या तासात गेल्याचं आलेखात दिसत होतं. कारण खतावणीच्या रचनेत आहे. अँड्रॉइड प्रत्येक ॲपचा डेटा दोन-दोन तासांच्या कप्प्यांत साठवतं. कप्प्याच्या आत कोणत्या मिनिटाला किती गेलं हे लिहिलेलंच नसतं. तासाचा आलेख दाखवणारं ॲप कप्प्यातला आकडा वेळेच्या प्रमाणात पसरून दाखवतं.

आता हे कप्पे कुठे सुरू होतात? ते जागतिक वेळेच्या सम तासांना सुरू होतात. भारतीय प्रमाणवेळ त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणून आपल्याकडे कप्पे साडेसात, साडेनऊ, साडेअकरा, दीड, साडेतीन असे पडतात. चाचणी त्याच रात्री ९:३० ते ११:३० या वेळात पुन्हा घेतली. चाचणीचा आरंभ आणि शेवट कप्प्याच्या कडेवर आला की शेजारचा डेटा आत गळत नाही. या वेळी आकडे स्वच्छ आले: ॲप स्टोअर ८६, मेसेजिंग १९, प्ले सर्व्हिसेस ४, फोटो बॅकअप ०.

फोटो बॅकअप शून्य, आणि काल १२६. तो वेगळ्या वेळी चालतो हे उघड होतं.

६ मार्च, सकाळ: मध्यरात्रीचा घोळ

सकाळी सातला मोजणीचं ॲप 'आज' म्हणून व्हिडिओ ॲपचे ३०० एमबी आणि फोटो बॅकअपचे ९४ एमबी दाखवत होतं. कंपनीच्या हिशोबात मात्र नव्या पॅकमधले शंभराच्या आसपास एमबीच गेले होते. मध्यरात्रीनंतर व्हिडिओ कोणी पाहिला नव्हता.

बहुतेक लोक या ठिकाणी व्हिडिओ ॲप काढून टाकतात किंवा मोजणीचं ॲप खोटं म्हणून सोडून देतात. दोन्हीची गरज नाही. पॅक बदलतो रात्री बाराला, पण कप्पा चालतो ११:३० ते १:३०. आदल्या दिवशी मोबाइल डेटा बराच वेळ बंद होता, त्यामुळे उरलेल्या पॅकमधून साडेअकरा ते बारा या अर्ध्या तासात ४०० एमबीचा व्हिडिओ पाहिला गेला होता. कप्प्यात नोंद एकच: ४०० एमबी. मध्यरात्रीची रेघ त्या कप्प्यातून जाते, तेव्हा वाटणी वेळेच्या प्रमाणात झाली. १२० मिनिटांपैकी ३० काल, ९० आज. म्हणून १०० एमबी कालच्या खात्यात आणि ३०० आजच्या खात्यात, जरी सगळेच्या सगळे कालचे असले तरी. सगळीच ॲप अशी वाटणी करत नाहीत. काही अर्धवट कप्पा पूर्णच सोडून देतात, मग तेवढा डेटा कोणत्याच दिवसात दिसत नाही.

यावर उपाय: मोजणीचा दिवस रात्री ११:३० ते ११:३० असा धरावा. ॲपमध्ये दिवसाची सुरुवात बदलता येत नसेल तर मोजणीच्या दिवसांत ११:३० ते १:३० मोबाइल डेटा बंद ठेवावा. कप्पा रिकामा असला की वाटणी चुकायला काही उरत नाही.

६ मार्च, दुपार: मूळ खतावणी

वरचा अंदाज खरा की नाही हे ॲपच्या भरवशावर न ठेवता कप्पेच वाचले. संगणकावर एडीबी, म्हणजे संगणकावरून फोनला आज्ञा देणारं साधन, लागतं आणि फोनवर यूएसबी डीबगिंग चालू करावं लागतं. त्यासाठी फोनच्या माहितीत `Build number` वर सात वेळा टिचकी मारायची, की डेव्हलपर पर्याय उघडतात. काम झाल्यावर डीबगिंग बंद करून टाकावं.

```
adb shell dumpsys netstats --poll
adb shell dumpsys netstats detail > netstats.txt
```

पहिल्या ओळीने ताजे आकडे खतावणीत उतरतात, दुसरीने खतावणी फाइलमध्ये येते. फाइल लांबलचक असते. `UID stats` या मथळ्यापर्यंत खाली जायचं आणि `metered=true` असलेल्या ओळींखालचे कप्पे बघायचे. फोटो बॅकअपचा भाग असा होता, मधल्या गोष्टी गाळून:

```
uid=10187 set=DEFAULT tag=0x0
  NetworkStatsHistory: bucketDuration=7200
    st=1741204800 rb=1835008 tb=96468992
```

`uid` म्हणजे अँड्रॉइडने ॲपला दिलेला क्रमांक. `set=DEFAULT` म्हणजे बॅकग्राउंड, `FOREGROUND` असेल तर समोर. `bucketDuration=7200` हे सेकंद आहेत, म्हणजे तेच दोन तास. `st` ही कप्प्याची सुरुवात, `rb` आत आलेले बाइट आणि `tb` बाहेर गेलेले. क्रमांकावरून ॲप आणि सेकंदांवरून वेळ अशी काढता येते:

```
adb shell "pm list packages -U | grep 10187"
adb shell date -d @1741204800
```

वेळ निघाली ६ मार्च, रात्री १:३०. आत आलेला डेटा पावणेदोन एमबी, बाहेर गेलेला ९२ एमबी. हा आकडाच सगळं सांगतो. `tb` मोठा आणि `rb` छोटा असेल तर ॲप काहीतरी चढवतं आहे: बॅकअप, सिंक, नाहीतर फोटो. उलट असेल तर अपडेट किंवा व्हिडिओ उतरतो आहे. बॅकअपची कामं फोन चार्जिंगला आणि निवांत असताना चालतात, म्हणून ती कालच्या चाचणीत सापडली नाहीत. व्हिडिओ ॲपचा ४०० एमबीचा आकडा ११:३० च्या कप्प्यात, `FOREGROUND` खाली सापडला. १:३० नंतर त्याची एकही नोंद नव्हती.

फाइल वाचताना एक जागा सांभाळायची. त्याच `uid` च्या खाली `tag=0x0` सोडून दुसऱ्या टॅगच्या नोंदीही दिसतात. त्या एकूण आकड्यातल्याच उपनोंदी आहेत, त्यांची बेरीज केली तर डेटा दुप्पट दिसतो. फक्त `tag=0x0` घ्यायचं. एकाच क्रमांकावर दोन-तीन ॲप निघाली तर त्यांचा हिशोब एकत्र आहे आणि अँड्रॉइडलाही तो वेगळा करता येत नाही.

७ मार्च: गळती बंद करणं

एकेक करून बदल केले, म्हणजे कशाने किती फरक पडला ते कळतं.

ॲप स्टोअरमध्ये आपोआप अपडेट फक्त वायफायवर. फोटो बॅकअपमध्ये मोबाइल डेटाची परवानगी बंद. मेसेजिंगमध्ये मोबाइल डेटावर फोटो, ऑडिओ, व्हिडिओ आणि कागदपत्रं आपोआप उतरणं बंद. इथे बॅकअप तपासायला विसरू नये, कारण चॅटचा बॅकअप वेगळ्या सेटिंगमध्ये असतो आणि त्यात मोबाइल डेटाचा स्वतंत्र पर्याय असतो. माध्यमांचं डाउनलोड बंद करून बॅकअप तसाच राहिला तर रात्रीची गळती चालूच राहते.

रीलच्या ॲपला सिस्टममधून `Background data` बंद केलं. ही कळ प्रत्येक ॲपच्या डेटा वापराच्या पानावर असते. मेसेजिंगला ती लावू नये, कारण ॲप उघडेपर्यंत निरोप येत नाहीत. प्ले सर्व्हिसेसला तर मुळीच लावू नये. कित्येक ॲपच्या सूचना तिच्यामार्फत येतात, आणि २५-३० एमबी वाचवण्यासाठी सगळ्या सूचना अडकतात. तिचा आकडा शंभराच्या वर जात असेल तर आधी खात्यांचं सिंक आणि फोनचा बॅकअप तपासावा.

सगळ्या फोनसाठी असलेला `Data Saver` मोजणी चालू असताना लावला नाही. तो एका झटक्यात सगळ्यांचं बॅकग्राउंड रोखतो आणि मग गळती कुठे होती हे कळत नाही. शिवाय समोर उघड्या ॲपचा डेटा तो तोडत नाही, त्यामुळे पॅक व्हिडिओमुळे संपत असेल तर त्याने फारसं भागत नाही.

फोरग्राउंडसाठी रीलच्या ॲपमधला कमी डेटाचा पर्याय चालू केला. आधी आणि नंतर, पंधरा मिनिटं सारख्याच गतीने पुढे सरकवून मोजलं. १४८ एमबीचे ८३ झाले. हे मोजताना दोन तासांच्या कप्प्यात दुसरं काही चालू नको.

९ मार्च: कंपनीचा आणि फोनचा हिशोब

पहिल्या दिवशी फोनची बेरीज १४८९ आली होती आणि पॅक संपला होता, म्हणजे कंपनीच्या लेखी १५३६. फरक ४७ एमबी, सुमारे ३ टक्के. एवढा फरक राहणारच. कंपनी आपल्या यंत्रणेत मोजते, तिथपर्यंत पोहोचून फोनपर्यंत न आलेली डेटाची पाकिटंही तिच्या हिशोबात येऊ शकतात. तिचा आकडा तुकड्यातुकड्यांनी आणि उशिरा पुढे सरकतो, म्हणून व्हिडिओ बघताना मिनिटामिनिटाला ताळा बघू नये. थोडा वेळ डेटा बंद ठेवून मग बघावा.

फरक पाच-सात टक्क्यांपेक्षा जास्त आला तर आधी एकक बघा. काही ॲप १ जीबी म्हणजे १००० एमबी धरतात, काही १०२४, आणि एमबीचंही तसंच. दीड जीबीवर या एकाच कारणाने फरक सात टक्क्यांच्या घरात जातो. एकक जुळत असूनही फरक मोठाच राहिला तर यादीत हॉटस्पॉटची ओळ शोधा. खतावणीत ती `uid=-5` अशी दिसते आणि काढून टाकलेल्या ॲपचा डेटा `uid=-4` खाली असतो. काही मोजणी ॲप ऋण क्रमांक दाखवतच नाहीत, मग डेटा हवेत विरल्यासारखा वाटतो.

इशारा १२०० एमबीला लावला. पॅकच्या शेवटाला लावलेला इशारा कामाचा नाही, कारण तो दिसेपर्यंत पॅक संपलेला असतो. मोजणीच्या ॲपला बॅटरीच्या निर्बंधातून सूट दिली, नाहीतर इशारा ॲप उघडल्यावरच येतो.

१२ मार्च: आत्ताची स्थिती

११:३० ते ११:३० या दिवसाचे बॅकग्राउंडचे आकडे: मेसेजिंग २४, प्ले सर्व्हिसेस २५, रील ०, ॲप स्टोअर २, फोटो बॅकअप १, किरकोळ ६. एकूण ५८ एमबी, आधी ५४९ होते. पॅक रात्री दहापर्यंत पुरला आणि २१० एमबी शिल्लक होते. व्हिडिओ बघणं कमी केलेलं नाही.

हॉटस्पॉट लावला की मात्र हिशोब पुन्हा सुटतो. लॅपटॉपचा सगळा डेटा फोनच्या खतावणीत एका ओळीत येतो, आणि लॅपटॉपवरचा कोणता प्रोग्रॅम किती घेतो हे फोनला कळायला मार्ग नाही. विंडोजमध्ये त्या वायफायच्या गुणधर्मांत `Metered connection` चालू केलं की बहुतेक मोठे अपडेट थांबतात. ते चालू करून `uid=-5` चे कप्पे साडेनऊ ते साडेअकरा या चाचणीत मोजायचे बाकी आहेत.